घंटा कोणी वाजवायची, कुलूप कोणी काढायचं?

प्रश्न : आमची माध्यमिक शाळा इंदापूर तालुक्यात, बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, एकूण पट ४८०. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर चार वर्ग. पुढे एक जिना आणि मागे एक. दोन्ही साधारण दीड मीटर रुंद. मागच्या जिन्याखालचं चॅनल गेट चोरीच्या भीतीनं कुलूपबंद असतं आणि किल्ली शिपायाकडे असते. पोषण आहाराची खोली पुढच्या जिन्याशेजारी आहे. केंद्रप्रमुखांनी आपत्कालीन आराखडा मागितला आहे. दुसऱ्या शाळेचा तयार आराखडा नाव बदलून पाठवता येईल, पण तो आमच्या काय कामाचा? सुरुवात कुठून करू? माणसं कशी नेमू? सरावाची नोंद कशी ठेवू? आणि मागच्या वर्षी कालवा फुटला तसं पाणी आलं तर मुलांना बाहेर काढायचं की आत ठेवायचं?
— एक मुख्याध्यापिका, इंदापूर तालुका

उत्तर : मॅडम, दुसऱ्या शाळेचा आराखडा खरोखरच तुमच्या कामाचा नाही. त्यात तुमचं चॅनल गेट नसतं, तुमचा स्वयंपाकघराशेजारचा जिना नसतो. तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

सुरुवात जिन्यापासून

मोजपट्टी, कोरा कागद आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन एका दुपारी इमारतीतून फिरा. नकाशा सुबक काढायची गरज नाही. तीन गोष्टी मोजा : प्रत्येक जिन्याची कठड्यापासून भिंतीपर्यंतची मोकळी रुंदी, सर्वांत लांबच्या बाकापासून जिन्याच्या तोंडापर्यंतचं अंतर, आणि वर्गाचं दार कुठल्या बाजूला उघडतं. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार शाळेचा जिना किमान दीड मीटर रुंद हवा, पक्क्या बांधकामात बाहेर पडण्याच्या वाटेपर्यंतचं अंतर ३० मीटरपेक्षा जास्त नको, आणि ज्या खोलीत ४५ पेक्षा जास्त माणसं बसतात तिला दोन दारं हवीत. तुमचे जिने मापात बसतात. आता हिशोब करू.

दीड मीटरच्या जिन्यावरून मुलं दोन रांगांत उतरली, कठडा धरून, न पळता, तर मिनिटाला साधारण ६० मुलं खाली येतात. हा अंदाज आहे. तुमचा खरा आकडा सरावात निघेल. वरच्या दोन मजल्यांवर आठ वर्ग, म्हणजे पूर्ण हजेरीत ३२० मुलं. दोन्ही जिने उघडे असतील तर प्रत्येकावर १६०, म्हणजे पावणेतीन मिनिटांच्या आत. घंटा ऐकून उठायला आणि रांग लावायला अर्धं-पाऊण मिनिट धरा. साडेतीन मिनिटांत इमारत रिकामी.

मागचं गेट बंद असेल तर तीच ३२० मुलं एका जिन्यावर येतात. सव्वापाच मिनिटं, वर तयारीचा वेळ, म्हणजे सहाच्या आसपास. आणि तो एकुलता एक जिना तुमच्या गॅसच्या शेगडीशेजारी उतरतो. आग लागण्याची शक्यता सर्वांत जास्त जिथे, तिथूनच सगळ्या मुलांना बाहेर काढायचं, असा आज तुमच्या शाळेचा अलिखित आराखडा आहे.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत असंच काहीसं झालं. माध्यान्ह भोजनाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या स्वयंपाकघरात आग लागली, ती वर्गांच्या झावळ्यांच्या छपराला भिडली, आणि अरुंद जिन्याची वाट मुलांना पुरली नाही. ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

तेव्हा आराखड्याचं पहिलं वाक्य असं लिहा : शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत मागच्या गेटला कुलूप नसेल. चोरी रात्री होते, कुलूप रात्री लावा. दिवसा कोणी अनोळखी माणूस मागून शिरेल अशी भीती असेल तर आतून हातानं सरकणारी, बाहेरून न उघडणारी कडी गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात बसवून देईल. परिपाठाआधी गेट उघडल्याची सही रोजच्या नोंदीत घ्या, म्हणजे हे काम कोणाच्या आठवणीवर राहणार नाही.

दुसरा बदल तुमच्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही : वर्गांची जागा. पाचवी, चालायला त्रास होणारी मुलं ज्या तुकडीत आहेत ती तुकडी, आणि जास्त पटाच्या तुकड्या तळमजल्यावर आणा. पायाला कॅलिपर असलेल्या मुलाला दुसऱ्या मजल्यावरून कसं उतरवायचं याचा पानभर मजकूर लिहिण्यापेक्षा त्याचा वर्ग जूनमध्येच खाली आणणं सोपं. प्रयोगशाळा किंवा ग्रंथालयासाठी तो वर जातच असेल, तर त्याच्या सोबतीला दोन मोठी माणसं पदानं नेमून ठेवा.

मार्ग ठरवताना प्रत्येक वर्गाला एक पहिला आणि एक दुसरा जिना द्या. तळमजल्याच्या वर्गांनी पुढच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेतून जाऊ नये. ओसरीवरून थेट मैदानात उतरावं, नाहीतर वरून येणाऱ्या रांगा त्यांच्यावर येऊन थांबतात. जमण्याची जागा इमारतीच्या उंचीपेक्षा जास्त लांब, विजेच्या तारांखाली नसलेली, आणि बंब आत येण्याच्या वाटेत न येणारी हवी. रस्त्यापलीकडचं मोकळं शिवार कागदावर छान दिसतं. पण गाळप हंगामात त्या रस्त्यावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सलग चालू असतात. घाबरलेल्या पावणेपाचशे मुलांना तो रस्ता ओलांडायला लावू नका. कुंपणाच्या आतली जागाच निवडा.

माणसं नेमताना

बहुतेक आराखड्यांत नावांची यादी असते : अमुक सर अग्निशमन पथक, तमुक मॅडम प्रथमोपचार पथक. त्यातले दोघे त्या दिवशी प्रशिक्षणाला, एक रजेवर आणि शिपाई टपाल घेऊन पंचायत समितीत. म्हणून काम पदाला आणि जागेला बांधा, आणि प्रत्येक कामापुढे 'गैरहजर असल्यास कोण' हा रकाना ठेवा. तुमच्या शाळेला एवढी कामं पुरेत :

- त्या तासाला वर्गावर असलेले शिक्षक, मग ते वर्गशिक्षक असोत वा नसोत, त्या वर्गाला बाहेर नेतील. ते रांगेच्या शेवटी चालतील, दार ओढून घेतील आणि हजेरीची चिठ्ठी बरोबर आणतील.
- प्रत्येक मजल्यावर ज्यांचा तास मोकळा आहे ते शिक्षक शौचालयं, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय बघून शेवटी उतरतील. हे काम वर्गप्रमुख मुलांना देऊ नये.
- शिपाई मेन स्विच पाडतील आणि मैदानाकडचं मोठं फाटक उघडतील.
- आहार शिजवणाऱ्या ताई शेगडी आणि रेग्युलेटर बंद करून बाहेर पडतील. सिलिंडर ओढत बसणार नाहीत.
- लिपिक १०१ किंवा ११२ ला फोन करतील आणि मैदानात सर्व वर्गांचे आकडे एका कागदावर गोळा करतील.
- मुख्याध्यापिका मैदानात एकाच जागी उभ्या राहतील. तुम्ही इमारतीत शिरलात तर आकडे कोणाला सांगायचे, हेच कोणाला कळणार नाही.

राहिली घंटा. ती कोणी वाजवायची? १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोच्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' शाळेत धूर पाहिलेल्या एक शिक्षिका आधी मुख्याध्यापिकेच्या खोलीकडे गेल्या, कारण परवानगीशिवाय इमारत रिकामी करायची नाही असा शिरस्ता होता. मुख्याध्यापिका त्या दिवशी आजारी शिक्षिकेच्या बदली वर्गावर होत्या, खोली रिकामी. शेवटी त्या शिक्षिकेनं आपल्या जबाबदारीवर वर्ग बाहेर काढला. तोवर मोलाचा वेळ गेला होता. वरच्या मजल्यावरची व्हरांड्याची वाट धुरानं भरली आणि अनेक वर्ग आतच अडकले. ९२ विद्यार्थी आणि ३ शिक्षिका गेल्या. शाळेची अग्नितपासणी त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच झाली होती आणि शाळा तीत पास झाली होती.

म्हणून तुमच्या आराखड्यात स्पष्ट लिहा : धूर किंवा आग दिसल्यास शिक्षक, शिपाई, स्वयंपाकाच्या ताई, विद्यार्थी, कोणीही घंटा वाजवेल; विचारायला जाणार नाही. खोटी घंटा झाली तर एक तास बुडेल, एवढंच. आणि विजेच्या घंटेवर विसंबू नका. शिपाई मेन स्विच पाडणार आहेत, किंवा त्याआधीच वीज गेलेली असेल. व्हरांड्यात टांगलेला टोल ठेवा. सलग न थांबता टोल म्हणजे बाहेर पडा, असा एकच अर्थ ठरवा आणि मधल्या सुट्टीसाठी तसा टोल कधीही देऊ नका.

दोन्ही जिने धुरानं भरलेले असतील तर काय, हेही एका ओळीत हवं : वर्गात थांबा, दार लावा, दाराखालच्या फटीत ओले कपडे किंवा सतरंजी दाबा, मुलांना रस्त्याकडच्या खिडकीपाशी खाली बसवा आणि खिडकीतून हाक द्या. वर्गाच्या खिडक्यांना पक्के गज असतील तर प्रत्येक वरच्या खोलीत एक तरी गजाची चौकट आतून उघडणारी करून घ्या.

पाणी आलं तर

२५ मे २०२५ ला, रविवारी, बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला. मोठ्या पावसानं आधीच भरलेल्या शिवारात आणि वस्त्यांत पाणी शिरलं. बारामती आणि इंदापूर या दोन्ही भागांत एनडीआरएफची पथकं आली. उन्हाळ्याची सुट्टी होती, शाळा रिकाम्या होत्या. हेच जुलैतल्या कामाच्या दिवशी दुपारी झालं असतं तर आगीसाठी लिहिलेला आराखडा मुलांना थेट पाण्यात घेऊन गेला असता.

म्हणून पाण्यासाठी वेगळा हुकूम हवा : 'वर'. तळमजल्याचे वर्ग पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जातील, मेन स्विच पडेल, हजेरीपत्रकं आणि पिण्याचं पाणी वर नेलं जाईल. हा इशारा टोलाच्या सलग आवाजापेक्षा स्पष्ट वेगळा असावा : तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन. किंवा शिपाई वर्गावर्गात जाऊन सांगतील. पाणी चढायला आगीपेक्षा बहुधा जास्त वेळ लागतो, तेवढी सवड मिळते.

पाण्याच्या वेळी खरी चूक होते ती शाळा लवकर सोडण्यात. मुलं सायकलनं किंवा रिक्षानं घरी निघतात आणि ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर अडकतात. तुमच्या हद्दीतले असे पूल आणि कालव्याच्या कडेचे रस्ते नकाशावर लाल रेघेनं दाखवा, आणि लिहा की या वाटेवरच्या मुलांना पाणी ओसरेपर्यंत सोडणार नाही. पालक न्यायला आले तर मुलाचं नाव, नेणाऱ्याचं नातं, वेळ आणि सही, एवढी चार रकान्यांची वही पुरते. गर्दीत 'काकांबरोबर गेला' असं ऐकून कोणाचंही नाव खोडू नका.

भूकंपासाठी तिसरा हुकूम 'बाकाखाली'. हलणं थांबेपर्यंत जिन्यावर कोणी जायचं नाही, नंतर आगीसारखंच बाहेर. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ आठवत असलेल्या महाराष्ट्रात हा हुकूम वगळू नये, पण त्यावर पानं भरायचीही गरज नाही.

नोंदवहीत काय असावं

अडीच मिनिटांत इमारत रिकामी व्हावी, असा आकडा तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. त्याची जी कथा सांगतात ती १९११ च्या एडिंबरोतल्या एका नाट्यगृहाच्या आगीची : वाद्यवृंदानं राष्ट्रगीत वाजवलं, आणि ते संपेपर्यंत प्रेक्षक बाहेर पडले. तुमच्या इमारतीशी त्या गाण्याचा संबंध नाही. आपल्या हिशोबानं तुमचा आकडा साडेतीन-चार मिनिटांचा आहे, आणि तो सरावात सिद्ध करायचा आहे.

पण घड्याळ दोन वेळा बघा. पहिली वेळ, शेवटचं मूल बाहेर आलं ती. दुसरी, 'सगळे मोजून झाले, अमुक इतके कमी' हे तुम्हाला कळलं ती. दुसरी वेळ बहुतेक शाळा मोजतच नाहीत, आणि गोंधळ तिथेच असतो. नमुना म्हणून नोंद अशी दिसेल :

*घंटा ११.४२.००. हजेरीनुसार उपस्थित ४४६. शेवटचं मूल बाहेर ११.४५.५०. मोजणी पूर्ण ११.५२.१०. मैदानात मोजले ४४३. फरक ३. कारण : दोन मुली तालुका क्रीडास्पर्धेला, एक मुलगा पालकांबरोबर दवाखान्यात, तिघांच्या जाण्याची नोंद वर्गाकडे नाही. उपाय : मधेच बाहेर जाणाऱ्याची चिठ्ठी कार्यालयातून वर्गात गेल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. जबाबदारी : लिपिक. मुदत : आठ दिवस. पूर्ण झाल्याची सही :*

ही नोंद बारकाईनं वाचा. मुलं चार मिनिटांच्या आत बाहेर आली, पण तीन मुलं आत नाहीत हे कळायला आणखी सहा मिनिटं लागली. खऱ्या आगीत या सहा मिनिटांत कोणीतरी त्या तिघांना शोधायला आत शिरलं असतं. ती मुलं इंदापूरच्या मैदानावर आणि दवाखान्यात.

म्हणून हजेरीचा आकडा दिवसभर ताजा ठेवा. फळ्याच्या कोपऱ्यात 'पट ४०, उपस्थित ३७' लिहायची पद्धत तुमच्याकडे असेलच. पण फळा बाहेर नेता येत नाही. तोच आकडा दाराशेजारी खिळ्याला टांगलेल्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहा. मूल मधेच गेलं की आकडा बदलायचा, घंटा झाली की शेवटच्या माणसानं पुठ्ठा काढून घ्यायचा. हजेरी मोबाइलमधल्या ॲपवर भरत असाल तरी हा पुठ्ठा हवाच. वर्गशिक्षकांचा मोबाइल स्टाफरूममध्ये चार्जिंगला असतो आणि वर्गावर दुसरेच शिक्षक असतात.

सराव चार प्रकारांनी घ्या. पहिला सांगून, फक्त वाटा ओळखीच्या होण्यासाठी. दुसरा न सांगता, आणि परिपाठानंतर नव्हे, तर मधल्या सुट्टीला पाच मिनिटं असताना, म्हणजे मुलं व्हरांड्यात आणि शौचालयात असतील. तिसऱ्यात पुढच्या जिन्याच्या चौकात एका शिक्षकांना 'इथे धूर आहे' अशी पाटी घेऊन उभं करा. किती वर्ग आपणहून मागे वळतात ते बघा. कुंभकोणमसारखी घटना तुमच्याकडे घडली तर हाच प्रसंग येणार आहे, कारण स्वयंपाकघर त्याच बाजूला आहे. चौथ्यात एका मुलाला शिक्षकांच्या सोबतीनं ग्रंथालयात गुपचूप बसवून ठेवा. मैदानावरची मोजणी त्याला पकडते का, आणि किती वेळात, हेच या सरावात बघायचं आहे.

मग वर्षाअखेर नोंदवही समोर घेऊन बसा. सगळे सराव शनिवारी, सगळ्यांची वेळ तीन मिनिटं, सगळ्यांत फरक शून्य असेल, तर सराव मैदानात नाही, टेबलावर झाले आहेत असं समजा. खऱ्या वहीत फरक असतो, कुठे जिना तुंबलेला असतो, टोल दुसऱ्या मजल्याच्या टोकाच्या वर्गाला ऐकू न आल्याची नोंद असते, आणि त्याखाली दुरुस्ती झाल्याची तारीख असते. अग्निशामक उपकरणांचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावं लागतं, ते याच वहीच्या मागे लावा. ते नळकांडी भरलेली आहेत एवढंच सांगतं. मुलं बाहेर येतात की नाही, हे तुमच्या नोंदीच सांगतील.

केंद्रप्रमुखांना पाठवायचा आराखडा तीन पानांच्या वर नेऊ नका : एक पान वाटांचा नकाशा, एक पान कामांचा तक्ता, एक पान तीन हुकूम आणि त्यांचे इशारे. चौथं पान म्हणून पहिल्या सरावाची नोंद जोडा, फरकासकट. शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचायचं तर तेच आधी वाचा, कारण गेटसाठी वेल्डरचा खर्च मंजूर व्हायला त्या पानाइतकं दुसरं काही उपयोगी पडणार नाही.